डिस्चार्ज कार्डावर ‘३बी’ लिहिले आहे : प्रसूतीतील छेद, फाटलेला स्नायू आणि सात आठवड्यांनंतरचा त्रास

मानसी_इंदिरानगर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीची पहिली प्रसूती सात आठवड्यांपूर्वी नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात झाली. तिचे वय सत्तावीस, दिवस पूर्ण भरलेले आणि बाळाचे वजन साडेतीन किलो. कळा चांगल्या येत असूनही डोके खाली अडून राहिले, म्हणून छेद देऊन व्हॅक्यूम लावला. बाळ ठीक होते, पण त्यानंतर तिला लेबर रूममधून ऑपरेशन थिएटरमध्ये नेले आणि पाठीत भूल देऊन बराच वेळ टाके घातले. ‘थोडे जास्त फाटले होते, आता नीट शिवले आहे’ एवढेच आम्हांला बाहेर सांगितले गेले.

बहीण सध्या माहेरी आहे. टाके वरून भरले आहेत आणि बसताना आता दुखत नाही. परंतु परवा तिने संकोचाने सांगितले की तिला वायू धरता येत नाही आणि शौचाची भावना झाली की क्षणभरही थांबवत नाही, धावावेच लागते. आईचे म्हणणे असे की बाळंतपणानंतर सगळ्यांचेच शरीर सैल पडते आणि सव्वा महिन्यानंतर हळूहळू जागेवर येते. मी कार्ड काढून पाहिले. त्यावर लिहिलेले जसेच्या तसे देते : ‘व्हॅक्यूम, आरएमएलई एक्सटेंडेड, ३बी टेअर. स्पायनल. ईएएस एंड-टू-एंड, व्हिक्रिल २-०. पीआर एनएडी.’

हे प्रकरण किती गंभीर आहे, छेद चुकीचा दिला गेला होता का आणि आता कोणाकडे जावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

निफाडकर_द्राक्षबाग

ताई, एवढी काळजी करू नका. मला दोन वर्षांपूर्वी फिशरचा फार त्रास होता. सर्जनने ऑपरेशन केले आणि त्यात गुदद्वाराचा स्नायू त्यांनी स्वतःच थोडा कापला. पहिले काही दिवस वायू आवरत नसे, नंतर सगळे पूर्ववत झाले. कोमट पाण्यात बसणे आणि रात्री इसबगोल, एवढे दोन उपाय केले की पुरे. तुमच्या बहिणीचेही तसेच होईल.

सिस्टर_दिंडोरी

मी ग्रामीण भागात बरीच वर्षे प्रसूतिगृहात काम करते, म्हणून लिहिते. कात्री वेळेवर आणि पुरेशी मोठी चालवली असती तर एवढे फाटले नसते. पहिलटकरणीला छेद द्यायचाच, असे आम्हांला शिकवले गेले आणि मध्यरेषेपासून ४५ अंशांवर उजवीकडे कापायचे, हा नियम मी आजही पाळते. छेद दिला म्हणजे मागचा स्नायू वाचतो. येथे बहुधा छेद लहान झाला असावा आणि व्हॅक्यूमच्या ओढीने तोच पुढे फाटत गेला असावा.

जुना_टाका

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि पूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवत असे. मानसीताई, कार्डावरची नोंद त्रोटक असली तरी तिच्यात बरेच काही आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

प्रसूतीत फाटण्याच्या चार पायऱ्या मानतात आणि त्या खोलीवरून ठरतात. केवळ त्वचा किंवा योनीचे अस्तर फाटले तर पहिली. योनी आणि गुदद्वार यांच्यामधले स्नायू फाटले, पण गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूला धक्का लागला नाही, तर दुसरी. नेहमीचा छेद हाही खोलीने दुसऱ्या पायरीइतकाच असतो. तो आवळणारा स्नायू फाटला की तिसरी पायरी सुरू होते आणि आतड्याचे अस्तरही फाटले की चौथी. तिसऱ्या पायरीचे पुन्हा तीन भाग आहेत, कारण हा स्नायू एक नसून दोन आहेत. बाहेरचा आपल्या इच्छेने आवळता येतो. आतला आपोआप आवळलेला राहतो आणि आपण झोपेत असतानाही पहारा देतो. बाहेरच्या स्नायूची जाडी निम्म्याहून कमी फाटली असेल तर ३ए, निम्म्याहून जास्त फाटली असेल तर ३बी आणि आतलाही फाटला असेल तर ३सी.

कार्डावरचे ‘आरएमएलई’ म्हणजे उजवीकडे तिरका दिलेला छेद, ‘एक्सटेंडेड’ म्हणजे तो पुढे फाटत गेला आणि ‘ईएएस’ म्हणजे हा बाहेरचा स्नायू. म्हणजे कार्डानुसार तुमच्या बहिणीचा बाहेरचा स्नायू निम्म्याहून अधिक फाटला होता. त्याची दोन्ही टोके समोरासमोर आणून व्हिक्रिलच्या धाग्याने शिवली. आणि शेवटी गुदद्वारातून बोटाने तपासले तेव्हा काही वावगे आढळले नाही. थिएटरमध्ये नेणे, पाठीत पुरेशी भूल देणे आणि शेवटी बोटाने तपासणे ही तिन्ही पावले योग्यच होती. प्रसूतीच्या खाटेवर, अपुऱ्या प्रकाशात, नुसती स्थानिक भूल देऊन हा स्नायू शिवणे बरोबर नाही, कारण फाटलेली टोके आखडून दोन्ही बाजूंना आत ओढली जातात आणि स्नायू सैल पडल्याशिवाय ती चिमट्याने पकडून मध्यावर आणता येत नाहीत.

मला खटकते ते कार्डावर जे नाही ते. आतल्या स्नायूविषयी एकही शब्द नाही. तो शाबूत होता, की कोणी पाहिलाच नाही, हे या नोंदीवरून कळत नाही. म्हणून दोन गोष्टी विचारतो. पहिली, बहिणीला भावना होते पण आवरता येत नाही एवढेच आहे, की तिच्या नकळत कपड्याला डाग लागतो? दुसरी, छेदाची भरलेली खूण कोठून सुरू होते आणि गुदद्वारापासून किती अंतरावर संपते?

निफाडकर, तुमचे ऑपरेशन वेगळे होते. फिशरसाठी आतल्या स्नायूचा खालचा थोडासाच भाग, तोही बाजूने, मुद्दाम कापतात आणि बाहेरचा स्नायू पूर्ण शाबूत असतो. बाळंतिणीची जखम पुढच्या बाजूला असते आणि तेथे बाहेरचाच स्नायू तुटलेला असतो. किंबहुना पूर्वी अशी जखम झालेल्या स्त्रीला फिशर झाले तर तुमच्यावर झालेले ऑपरेशन तिच्यावर करण्यापूर्वी सर्जनने दहा वेळा विचार करावा, कारण उरलेसुरले नियंत्रण त्या आतल्या स्नायूवरच असू शकते.

सिस्टर_दिंडोरी

डॉक्टर, माझ्या छेदाच्या मुद्द्यावर आपण काहीच बोलला नाहीत.

जुना_टाका

सिस्टर, बोलतो, कारण तुमच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे आणि दुसरा आता मागे पडला आहे.

व्हॅक्यूम किंवा चिमटा लावताना, विशेषतः पहिलटकरणीत, बाजूला दिलेला छेद मागच्या स्नायूला वाचवू शकतो, म्हणून या बाईला छेद दिला यात मला गैर दिसत नाही. परंतु सरळ, विनाअडथळा होणाऱ्या प्रसूतीत प्रत्येक पहिलटकरणीला छेद द्यावा, याला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सरसकट छेदाला स्पष्ट नकार दिला आहे. जिचे केवळ कातडे फाटले असते, तिला आपण स्वतःच्या हाताने दुसऱ्या पायरीची जखम देतो.

आता ४५ अंशांविषयी. डोके दिसून पेरिनियम, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग, पूर्ण ताणलेला असतो तेव्हा तो भाग फुगून बाहेर आलेला असतो. त्या ताणलेल्या अवस्थेत ४५ अंशांवर घेतलेला छेद बाळ बाहेर आल्यावर, सगळे मूळ जागी बसल्यावर, मध्यरेषेच्या बराच जवळ येतो. शिवल्यानंतर तो साधारण ४५ अंशांवर दिसायला हवा असेल तर कापताना ६० अंश धरावे लागतात. आयर्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिवलेल्या छेदाचा कोन मोजला, तेव्हा स्नायू फाटलेल्या स्त्रियांत तो सरासरी ३० अंश आणि न फाटलेल्यांत ३८ अंश आढळला. मध्यरेषेपासून दर ६ अंश दूर गेल्यावर तिसऱ्या पायरीचा धोका जवळपास निम्म्याने घटत होता. म्हणून लांबीपेक्षा दिशा महत्त्वाची आहे. चुकीच्या कोनातला छेद मोठा केला तर तो थेट स्नायूच्या दारात जाऊन उभा राहतो.

पीजी_दुसरे_वर्ष

सर, एक शंका आहे. ३बी असताना टोके समोरासमोर का शिवली? एकावर एक चढवून शिवण्याची पद्धत अधिक मजबूत असते, असे आम्हांला सांगितले गेले आहे. येथे ती वापरली असती तर हा त्रास झाला नसता, असे म्हणता येईल का?

जुना_टाका

असे म्हणता येणार नाही. टोके एकावर एक चढवायची तर स्नायू पूर्ण तुटलेला हवा आणि दोन्ही टोकांना पुरेशी मोकळी लांबी हवी. ३बी मध्ये काही तंतू अजून जोडलेले असू शकतात. ते असताना चढवायला गेलात तर ताण येतो किंवा उरलेले चांगले तंतू तुम्हांलाच कापावे लागतात. म्हणून ३ए मध्ये आणि काही तंतू शिल्लक असलेल्या ३बी मध्ये समोरासमोर शिवणे हेच योग्य आहे. पूर्ण तुटलेल्या स्नायूसाठी दोन्ही पद्धती मान्य आहेत. चढवून शिवलेल्यांना वर्षभराने घाईचा त्रास कमी आढळला हे खरे, पण तीन वर्षांनी पाहिले तेव्हा वायू आणि शौच आवरण्याच्या बाबतीत फरक उरला नव्हता. मी स्वतः दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, तरी या वादात फार जीव नाही असे माझे मत आहे. आतला स्नायू ओळखून तो वेगळा शिवला का, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

तो पाहायचा कसा, ते लिहितो, कारण परीक्षेत विचारतात पण हाताशी घेऊन फारसे कोणी दाखवत नाही. बाहेरचा स्नायू लालसर असतो आणि त्याच्याभोवती वेष्टन असते; आतला त्याच्या आत, आतड्याच्या अस्तराला चिकटून, फिकट आणि चपटा दिसतो. घाईत तो चरबीचा थर समजून सोडला जातो. सापडला की ३-० पीडीएस किंवा २-० व्हिक्रिलच्या सुट्या टाक्यांनी तो स्वतंत्र जोडायचा. तो एकावर एक चढवण्याच्या भानगडीत पडायचे नाही. आतड्याचे अस्तर फाटले असेल तर ते सर्वांत आधी ३-० व्हिक्रिलने शिवायचे आणि तेथे आठच्या आकड्याचे टाके टाळायचे, कारण ते रक्तपुरवठा आवळून टाकतात. बाहेरच्या स्नायूच्या गाठी वरच्या स्नायूखाली पुरून टाकायच्या, नाहीतर पुढे महिनोन् महिने बाईला त्या टोचत राहतात.

शरयू_कॉलेजरोड

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, परंतु माझी गोष्ट येथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्या पहिल्या प्रसूतीनंतर कार्डावर फक्त ‘आरएमएलई’ एवढेच होते. फाटल्याचा उल्लेख नव्हता आणि टाके खाटेवरच घातले. त्यानंतर मला वायू कधीच नीट आवरला नाही. लग्नसमारंभात मांडी घालून पंगतीत बसणे मी सोडून दिले आणि कारण विचारले की गुडघे दुखतात असे सांगत असे. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा नवीन डॉक्टरांनी सविस्तर विचारपूस केली, सोनोग्राफी करवली आणि पुढच्या बाजूला स्नायूत खाच असल्याचे सांगितले. म्हणजे पहिल्याच वेळी ती जखम झाली होती आणि कोणाच्या लक्षात आली नव्हती. हे असे कसे होते?

जुना_टाका

शरयूताई, दुर्दैवाने हे विरळा नाही. १९९३ साली लंडनमध्ये पहिल्या प्रसूतीनंतर गुदद्वारातून सोनोग्राफी करून पाहिले तेव्हा सुमारे ३५ टक्के स्त्रियांच्या स्नायूत दोष दिसला, आणि त्यांतल्या बहुतेक जखमा प्रसूतीच्या वेळी कोणाला जाणवल्या नव्हत्या. पुष्कळ वर्षे सगळे असे समजत होते की या जखमा डोळ्यांना दिसूच शकत नाहीत. २००६ साली इंग्लंडमध्ये दुसरा अभ्यास झाला. पहिल्या प्रसूतीनंतर ज्या स्त्रियांना नेहमीप्रमाणे तपासले होते, त्यांनाच टाके घालण्यापूर्वी एका प्रशिक्षित डॉक्टरने पुन्हा तपासले, तेव्हा स्नायू फाटल्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून जवळपास २५ टक्क्यांवर गेले. नीट पाहूनही न सापडणाऱ्या जखमा जेमतेम एक टक्का निघाल्या. म्हणजे जखमा लपलेल्या नव्हत्या; त्या पाहिल्याच जात नव्हत्या.

पाहण्याची रीत साधी आहे. टाके घालण्यापूर्वी तर्जनी गुदद्वारात आणि अंगठा योनीत ठेवायचा आणि दोन्हींच्या मध्ये येणारा स्नायू चिमटीत, वात वळावी तसा, हळूहळू वळून पाहायचा. शाबूत स्नायू जाड दोरीसारखा हाताला लागतो. तुटलेला असेल तर समोरच्या बाजूला चिमटीत काहीच येत नाही, दोन्ही बोटांमध्ये नुसते पातळ अस्तर उरते. भूल दिलेली नसेल तर बाईला आवळायला सांगायचे. स्नायू तुटलेला असेल तर पुढे आवळ जाणवत नाही आणि गुदद्वाराभोवतीच्या चुण्या समोरून नाहीशा झालेल्या दिसतात. योनीतून वरवर पाहून ‘स्नायू ठीक आहे’ असे लिहिणे म्हणजे अंदाजच होय.

याच तपासणीत कधीकधी एक वेगळी जखम सापडते : आवळणारे स्नायू पूर्ण शाबूत, पण त्यांच्या वर आतडे आणि योनी यांच्यामध्ये भोक. ती चौथ्या पायरीत मोजत नाहीत, स्वतंत्र नोंदवतात. ती चुकली तर काही दिवसांनी वायू किंवा मळ योनीवाटे येऊ लागतो.

मानसी_इंदिरानगर

डॉक्टर, आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी बहिणीला विचारल्या. डाग लागतो. तो अगदी फिकट असतो, शौचाला जाऊन आल्यानंतर तासाभराने लक्षात येतो आणि लागताना तिला काहीच कळत नाही. तिने तो बाळंतपणाचा स्राव समजून दुर्लक्ष केले होते. छेदाची खूण बरोबर मध्यातून सुरू होते आणि तिरकी असली तरी गुदद्वाराच्या कडेपासून बोटभर अंतरावर संपते. आई तिला तूप आणि डिंकाचे लाडू देते, इसबगोलही सुरू केले आहे, आणि ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावे’ हा नियमही घरात आहे.

जुना_टाका

घाई करावी लागणे हे बाहेरच्या स्नायूचे लक्षण आहे. न कळत डाग लागणे हे बहुधा आतल्या स्नायूचे. दोन्ही एकत्र असतील तर आतला स्नायूही फाटला असण्याची शक्यता मी गंभीरपणे घेईन. छेद मध्यातून सुरू होऊन कडेपासून बोटभर अंतरावर संपला, म्हणजे तो ६० अंशांवर दिला नव्हता हे जवळपास निश्चित आहे. मात्र डोके अडलेले, व्हॅक्यूम, पहिली खेप आणि साडेतीन किलोचे बाळ, ही सगळी कारणे एकत्र होती. योग्य कोनातही फाटले नसते असे मी शपथेवर सांगणार नाही.

आता काय करावे. गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी आणि स्नायूची पकड मोजणारी मॅनोमेट्री, या दोन तपासण्या करून घ्याव्यात. इंग्लंडच्या रॉयल कॉलेजचे २०१५ चे मार्गदर्शक पत्रक अशा प्रत्येक बाळंतिणीला ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान तपासण्यासाठी बोलवावे असे सांगते, म्हणजे तुम्ही वेळेतच आहात. ज्या विभागात मूळ टाके घातले तेथे किंवा गुदरोग पाहणाऱ्या सर्जनकडे जावे, कार्ड बरोबर न्यावे आणि ‘आतला स्नायू पाहिला होता का’ असे थेट विचारावे.

घरच्या गोष्टींत, तूप आणि लाडू चालतील, पण पाणी तोडणे ताबडतोब थांबवा. कमी पाण्यावर इसबगोल घेतले तर ते आतड्यात घट्ट गोळा होऊन बसते आणि नुकत्याच शिवलेल्या स्नायूवर ताण आणते. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मऊ शौच होण्यासाठी लॅक्ट्युलोज देतात. आता तिचा त्रास उलटा आहे, शौच फार पातळ झाले तर डाग वाढेल. म्हणून ते बांधलेले पण मऊ राहावे, एवढे पाहावे. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देत असाल तर तोही बंद करावा, कारण ती कातडी अजून कोवळी आहे आणि भाजले तर तिला लवकर कळणारही नाही.

सिस्टर_दिंडोरी

६० अंशांचे मला खरेच माहीत नव्हते. पुढच्या बैठकीत आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलेन. पण मी एक गोष्ट करते ती सांगते. डोके टेकू लागले की एका हाताने ते सावकाश येऊ देते आणि दुसऱ्या हाताने, गरम पाण्यात बुडवून पिळलेला कपडा घेऊन, मागचा भाग धरून ठेवते. बाई कळ लावत असली तरी तिला सांगते, ‘आता जोर लावू नकोस, तोंड उघड आणि हा-हा करत श्वास सोड.’ सासू बाजूला उभी राहून ‘लाव, लाव’ म्हणत असेल तर तिला आधी बाहेर पाठवते. हे बरोबर आहे ना?

जुना_टाका

अगदी बरोबर, आणि हे तुम्ही करता याचा मला आनंद आहे. कळांच्या दुसऱ्या टप्प्यात गरम कपड्याचा शेक, डोके येताना हाताचा आधार आणि नेमक्या त्या क्षणी जोर न लावणे, यांमुळे मोठ्या जखमा कमी होतात. सासूला बाहेर पाठवणे कोणत्याही पत्रकात नाही, पण माझी हरकत नाही.

पीजी_दुसरे_वर्ष

हाताच्या आधाराविषयी मतभेद आहेत, सर. नुसते पाहत राहा, हात लावू नका, असेही काही ठिकाणी शिकवतात.

जुना_टाका

मतभेद आहेत खरे. यादृच्छिक चाचण्यांत फरक ठळक दिसला नाही. ज्या देशांनी आधार देण्याचे प्रशिक्षण पुन्हा सुरू केले, तेथे प्रमाण घटलेले दिसले. मी आधार देण्याच्या बाजूचा आहे.

मानसी_इंदिरानगर

अहवाल आले आहेत. नाशिकमध्ये चौकशी केली, शेवटी मुंबईला जाऊन तपासण्या केल्या. बाहेरच्या स्नायूचा टाका जुळलेला आहे, केवळ पुढे थोडा बारीक व्रण आहे. आतल्या स्नायूत मात्र घड्याळाच्या ११ ते १ या भागात खंड दिसतो. मॅनोमेट्रीत आराम असतानाचा दाब कमी आणि आवळतानाचा दाब बऱ्यापैकी आहे. सर्जन म्हणाले की सध्या ऑपरेशन नको, व्यायाम करा. मला प्रश्न असा की फाटके दिसत असताना ते शिवत का नाहीत?

जुना_टाका

म्हणजे ती मूळ जखम ३सी होती आणि तिचा आतला भाग शिवायचा राहिला. आराम असतानाचा दाब मुख्यतः आतल्या स्नायूचा असतो, तो कमी आहे; आवळतानाचा बाहेरच्याचा असतो, तो टिकला आहे. सर्जनचा सल्ला मला पटतो. आतला स्नायू प्रसूतीनंतर लगेच शिवला तर जुळतो. नंतर व्रणातून शोधून शिवण्याचे परिणाम निराशाजनक आहेत. बाहेरचा स्नायू मात्र बळकट करता येतो, म्हणून जे चांगले आहे त्याच्यावर मेहनत करायची. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा; बायोफीडबॅक असेल तर उत्तम, त्यात पडद्यावर स्वतःची आवळ दिसते, आणि पोट किंवा मांड्या आवळून फसवणूक होत नाही. बाहेरचा स्नायू शिवलेल्या स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्के वर्षभरात लक्षणमुक्त असतात. तुमच्या बहिणीत आतला राहून गेल्याने मी त्या आकड्याच्या वरच्या टोकाची आशा लावणार नाही, पण घाईचा त्रास कमी व्हायला हवा. ताप, दुर्गंधी, पू किंवा योनीवाटे वायू जाणवला तर मात्र थांबू नका.

शरयू_कॉलेजरोड

पुढच्या प्रसूतीचे काय? मी सिझेरियन निवडले, कारण नवीन डॉक्टरांनी स्वतःहून तो पर्याय दिला. माझ्या जावेला मात्र जुनी ३ए जखम असताना साधी प्रसूती झाली आणि काही बिघडले नाही.

जुना_टाका

लक्षणे असतील किंवा सोनोग्राफी, मॅनोमेट्री बिघडलेली असेल तर सिझेरियनचा पर्याय समोर ठेवावा, असे मार्गदर्शक पत्रक सांगते. मानसीताईंच्या बहिणीत दोन्ही आहे. तुमच्या जावेला बहुधा लक्षणे नसावीत. तिच्यासाठी साधी प्रसूती चालण्यासारखी होती. मधल्या गटाबाबत, म्हणजे लक्षणे नाहीत पण सोनोग्राफीत लहानसा खंड आहे, एकमत नाही. सिझेरियनचे स्वतःचे धोके आहेत, आणि वय वाढल्यावर होणारा त्रास त्याने पूर्ण टळतो असेही सिद्ध नाही. पुढच्या वेळी प्रतिबंध म्हणून सरसकट छेद द्यावा का, याचेही उत्तर नाही. कारण असेल तरच द्यावा, असे मी म्हणेन.

पीजी_दुसरे_वर्ष

सर, माझे मत थोडे वेगळे आहे. सोनोग्राफीत खंड दिसला की मी सिझेरियनच सुचवेन. पुन्हा फाटले तर जबाबदार कोण?

जुना_टाका

तुम्ही सुचवा, पण बाईला दोन्ही बाजू सांगून. तिला दुसरे मूल हवे की तिसरेही, यावरही हिशेब बदलतो; तीन सिझेरियननंतर वारेचे जे प्रश्न येतात ते तुम्ही अजून पाहिलेले नसावेत.

सिस्टर_दिंडोरी

डॉक्टर, शेवटचे विचारते. आमच्याकडे टाके घातल्यावर गुदद्वारातून बोट घालून पाहत नाहीत, बाई ओरडते म्हणून. आणि पाहिले तर नेमके काय शोधायचे?

जुना_टाका

दोनदा पाहायचे : शिवण्यापूर्वी स्नायू शाबूत आहे का यासाठी, आणि शिवल्यानंतर टाका आतड्यात तर गेला नाही ना यासाठी. आधी बाईला सांगायचे, तिची परवानगी घ्यायची, बोटाला पुरेसे जेल लावायचे आणि स्थानिक भुलेचा परिणाम असतानाच पाहायचे, म्हणजे ती फारशी ओरडणार नाही. आतल्या भिंतीवर धाग्याचा खडबडीत वळसा किंवा गाठ बोटाला लागली, तर तो टाका काढून पुन्हा घालायचा. तसाच सोडला तर त्याच वाटेने आतडे आणि योनी यांच्यामध्ये भगंदर तयार होऊ शकते. पहिल्या तपासणीनंतर हातमोजा बदलूनच टाक्यांना हात लावायचा. आणि पहिल्याच तपासणीत चिमटीत काही लागले नाही, तर तेथे शिवायला बसायचे नाही. जखमेवर दाब देऊन, सलाईन लावून, बाईला नाशिकला पाठवायचे. काही तासांचा उशीर चालतो, पण तो स्नायू सुटाच राहिलेला असताना वरची कातडी शिवून टाकणे चालत नाही.